काळ्या रानात डबल रिंग लावताना: भेगेत गेलेलं पाणी सूत्रात मिसळू नका

तापीकाठच्या काळ्या रानात मे महिन्यात पाणी मातीत किती वेगानं मुरतं ते मोजणारा डबल रिंग इन्फिल्ट्रोमीटर लावला, की पहिल्या काही मिनिटांत पाणी झपाट्यानं खाली जातं. हे पाणी मातीत मुरलेलं नसतं, बहुतेक भेगांत उतरलेलं असतं. नोंदवहीत दोन्ही पाणी एकाच रकान्यात जातं आणि पुढे सूत्र बसवताना चुकतं.

आतली रिंग 30 सेंमी आणि बाहेरची 60 सेंमी व्यासाची. दोन्ही साधारण 10 सेंमी खोल, सरळ ठोकायच्या. रिंगवर आडवा लाकडी ठोकळा ठेवून घण मारावा. कडेवर थेट मारल्यास रिंग तिरकी होते आणि कडेची माती सुटून तिथूनच पाणी पळतं. पाणी ओतताना आत गोणपाट टाका, नाहीतर वरचा थर ढवळून छिद्रं बुजतात. दोन्ही रिंगांतली पातळी सारखी ठेवणं सर्वांत गरजेचं आहे. बाहेरची रिंग आतलं पाणी बाजूला न पसरता खालीच जावं म्हणून असते, आणि तिची पातळी उतरू दिली तर तो आधारच जातो.

पण दोन्ही रिंगांखालून एकच मोठी भेग जात असेल, तर बाहेरची रिंगही काही करू शकत नाही. हे ओळखता येतं: बाहेरच्या रिंगच्याही पलीकडे भेगेत ओल दिसते, किंवा अर्ध्या तासानंतरही बाहेरच्या रिंगमध्ये सारखं पाणी घालावं लागतं. अशी जागा सोडून द्या. लहान भेगा मात्र काळ्या रानात टळत नाहीत, त्या हिशेबात घ्याव्या लागतात.

कपाशीच्या मोकळ्या रानातलं एक उदाहरण घेऊ. एकूण उतरलेलं पाणी 10 मिनिटांना 22 मिमी, 40 मिनिटांना 30 मिमी आणि 160 मिनिटांना 48 मिमी. नेहमीची पद्धत म्हणजे कोस्टियाकोव्हचं सूत्र बसवणं:

```
F = k × t^a
```

F म्हणजे एकूण मुरलेलं पाणी (मिमी), t म्हणजे मिनिटं, k आणि a हे नोंदींवरून काढायचे स्थिरांक. पहिली आणि शेवटची नोंद घेतली तर a = 0.28 आणि k = 11.5 येतो. आता मधली नोंद तपासा. सूत्र 40 मिनिटांना 32.5 मिमी सांगतं, प्रत्यक्षात 30 आहे. 160 व्या मिनिटाला सूत्राचा दर ताशी 5 मिमी येतो, पण शेवटच्या अर्ध्या तासात पाणी 3.5 मिमी उतरलं होतं, म्हणजे ताशी 7. लॉग-लॉग कागदावर बिंदू सरळ रेषेत न येता वर वळलेले दिसले, की दोष बहुतेक भेगांचं पाणी सूत्रात मिसळल्याचा असतो.

उपाय म्हणजे सूत्रात भेगांचं पाणी वेगळं मांडणं:

```
F = c + k × t^a
c = (F1 × F2 − F3²) / (F1 + F2 − 2 × F3)
```

इथे c म्हणजे भेगांत गेलेलं पाणी, F1 पहिली, F2 शेवटची आणि F3 मधली नोंद. मधली वेळ पहिल्या आणि शेवटच्या वेळेच्या गुणाकाराचं वर्गमूळ असावी लागते. 10 × 160 चं वर्गमूळ 40, म्हणून ही नोंद निवडली. c = 156 / 10 = 15.6 मिमी. तो वजा केल्यावर 6.4, 14.4 आणि 32.4 उरतात. प्रत्येक वेळी काळ चौपट आणि पाणी सव्वादोन पट. त्यावरून a = 0.585, k = 1.66, आणि 160 व्या मिनिटाचा दर ताशी 7.1 मिमी. आता तो मोजणीशी जुळतो.

ही पद्धत नाजूक आहे. मधली नोंद 30 ऐवजी 31 वाचली तर c थेट 12 वर येतो, 29 वाचली तर 18 वर जातो. म्हणून पट्टी अर्ध्या मिमीपर्यंत वाचा आणि तीन बिंदू सुट्या नोंदींतून न घेता सगळ्या नोंदींवरून काढलेल्या वक्ररेषेवरून घ्या. c ऋण आला तर घड्याळ उशिरा सुरू झालं का, ते आधी पाहा.

c ची किंमत जागेनुसार फार बदलते, कारण ती भेगांवर ठरते. k आणि a मातीबद्दल अधिक सांगतात. म्हणून अहवालात c वेगळा लिहा. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पाण्याचं नियोजन असेल तर तो धरायलाच हवा. नंतरच्या पाळ्यांसाठी, भेगा मिटलेल्या ओल्या रानात चाचणी पुन्हा घ्यावी.

आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात बाष्पीभवनही लक्षात घ्या. दिवसाला 10 मिमीच्या वर पाणी उडत असेल तर भर दुपारी तासाला एक मिमी सहज जातं, आणि दर ताशी 7 असताना ती चूक सातव्या हिश्श्याची होते. रिंगवर सावली धरा, किंवा शेजारी पाण्याचं उथळ भांडं ठेवून त्यातली घट वजा करा.

दुरुस्त सूत्रही 160 मिनिटांच्या फार पुढे ताणू नका. कोस्टियाकोव्हचा दर काळासोबत शून्याकडे जातो, प्रत्यक्षात तो एका किमतीशी स्थिरावतो. रात्रभर पाणी उभं राहणार असेल तर चाचणीही दर स्थिर होईपर्यंत चालवा आणि तो स्थिर दर सूत्रात वेगळ्या पदानं जोडा.