क्यू टेस्ट लावताना या चुका टाळा

टायट्रेशनचं एखादं रीडिंग वेगळं आलं की मुलं क्यू टेस्टकडे धाव घेतात. रीडिंग चढत्या क्रमाने लावा, संशयित आकडा आणि त्याच्या शेजारचा आकडा यांतल्या फरकाला सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यांतल्या फरकाने भागा. उत्तर कोष्टकातल्या किमतीपेक्षा मोठं आलं तरच रीडिंग काढता येतं. गणित सोपं आहे, घोटाळे त्याच्या आधी होतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे सीबीआरच्या, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंगच्या, सवयीने घेतलेल्या तीन रीडिंगवर ही टेस्ट लावणं. समजा 9.8, 9.8 आणि 9.9 मिली आले. वरचा फरक 0.1, खालचाही 0.1, म्हणजे क्यू 1. तीन रीडिंगसाठी 90 टक्के विश्वासपातळीची किंमत 0.941, म्हणून 9.9 बाद! अहो, ब्युरेटचा एक भागच 0.1 मिलीचा आहे. दोन आकडे सारखे असले की तिसरा कितीही जवळ असो, क्यू 1 च येणार. तिथे टेस्ट काहीच सांगत नाही. मी तिनावर ती लावूच देत नाही.

एमएस्सीच्या एका मुलाने पाण्याच्या कठीणपणासाठी ईडीटीएची चार रीडिंग घेतली: 24.35, 24.75, 24.40, 24.45. क्यू आला 0.30 भागिले 0.40, म्हणजे 0.75. चारासाठी किंमत 0.765. ‘सर, जवळजवळ आलंय,’ म्हणत पठ्ठ्याने 24.75 वर काट मारली आणि जर्नल पुढे सरकवलं. जवळजवळ म्हणजे नाही. मी त्याला त्याच नमुन्याची आणखी दोन रीडिंग घ्यायला लावली. तोंड वाकडं करत घेतली, 24.40 आणि 24.45 आली. क्यू तोच 0.75, पण सहासाठी किंमत 0.560. आता 24.75 रीतसर गेलं आणि सरासरी 24.41 आली. वीस मिनिटांचं काम होतं. वेळ किंवा नमुना उरलाच नसता, तर मी सगळी चार ठेवून मध्यक दिला असता.

पायलट रीडिंग टेस्टमध्ये धरू नका, ते अंदाजापुरतं असतं.

एक काढल्यावर उरलेल्यांवर पुन्हा टेस्ट लावू नका. अशाने आकडे हवे तसे सुबक होतात, खरे होत नाहीत.

विश्वासपातळी आधी ठरवा. 90 ने जातं आणि 95 ने राहतं म्हणून 90 निवडणं ही चक्क लबाडी आहे.

आणि चूक डोळ्यांनी दिसली असेल, तर टेस्ट हवीच कशाला? नळीच्या टोकातला बुडबुडा मधेच सुटला की रीडिंग उगाच वाढतं. ब्युरेटवर फनेल राहिलं आणि त्यातून थेंब पडले की ते कमी येतं. असं रीडिंग क्यू काहीही येवो, बाद करा. मात्र आकडा खोडू नका. त्यावर एक रेघ मारा आणि शेजारी कारण लिहा. मी जर्नल तपासताना व्हाइटनर दिसला की पान परत करतो.