अपूर्णांकांची धास्ती घालवताना या चुका टाळा

मूल १/२ + १/३ = २/५ असं लिहितं, तेव्हा घरी शिकवणारे आपण पालक पटकन बेरजेची आणखी वीस गणितं देतो. पहिली चूक इथेच होते. मुलाला १/२ ही एक संख्या वाटतच नाही. वर एक आकडा, खाली एक आकडा, एवढंच दिसतं. म्हणून ते वरचे वर मिळवतं, खालचे खाली. त्याला विचारा, "२/५ अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" पाचाचं अर्धं अडीच, दोन त्याहून कमी. अर्ध्यात काहीतरी मिळवूनही उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्याला खटकलं नाही, तर बेरजेचा सराव सध्या थांबवा.

आठवड्याची आखणी मग अशी करा. सोमवारी ३/८, ४/७, ५/१० असे अपूर्णांक देऊन "अर्ध्याहून कमी, बरोबर अर्धा, की जास्त?" एवढंच विचारायचं. मंगळवारी तेच अपूर्णांक ० ते १ च्या संख्यारेषेवर दाखवायचे. बुधवारी लहान-मोठा ओळखायचा, गुरुवारी कागदाची पट्टी दुमडून सममूल्य अपूर्णांक शोधायचे आणि शुक्रवारी दोनच बेरजा, त्याही आधी अंदाज लिहून. एका वर्कशीटवर पाच-सहा प्रश्न पुरतात. दहा मिनिटांत संपली नाही तर तिथेच थांबा, उरलेलं उद्यावर ढकलू नका.

बुधवारच्या वर्कशीटमध्ये फार जण फसतात. ३/४ आणि १/३ मधला मोठा कोणता, असं विचारलं की नुसते मोठे आकडे बघणारं मूलही बरोबर उत्तर देतं आणि आपल्याला वाटतं, जमलं. त्याऐवजी २/३ आणि ३/८ द्या. ते जमलं की ५/६ आणि ७/८. "दोन्ही सारखेच, एकेक भागच कमी आहे" असं उत्तर आलं, तर मूल उरलेले भाग मोजतंय, त्यांचा आकार बघत नाही. सारख्याच लांबीच्या दोन पट्ट्या एकाखाली एक काढा, एकीचे सहा भाग करा, दुसरीचे आठ. १/८ चा तुकडा लहान, म्हणून ७/८ पूर्णाच्या जास्त जवळ, हे डोळ्यांना दिसतं. इथे वर्तुळं टाळा. हाताने सहा-आठ समान भाग पडत नाहीत.

तपासतानाची एक सवय मला फार महत्त्वाची वाटते. "कसं ठरवलंस?" हे बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावरच विचारलं, तर मूल तो प्रश्न ऐकताच उत्तर खोडायला लागतं, बरोबर असलेलंसुद्धा.

शुक्रवारी पुन्हा १/२ + १/३ द्या. अंदाज "अर्ध्याहून जास्त, एकाहून कमी" असा यायला हवा. मग सहा भागांच्या पट्टीवर अर्ध्याचे तीन आणि तिसऱ्या हिश्शाचे दोन रंगवले की ५/६ मिळतात. अंदाज बरोबर पण बेरीज चुकली, तर पुढच्या आठवड्यात समच्छेद करण्याचा सराव घ्या. अंदाजच चुकला, तर सोमवारची वर्कशीट नव्या आकड्यांनी पुन्हा काढा.