‘दोन वेळा फुल चार्ज’ हे मी लिहिलं होतं

लॅमिंग्टन रोडवरच्या एका मोबाइल अॅक्सेसरीजच्या व्यापाऱ्याकडे मी ऑनलाइन विक्रीसाठी मालाची माहिती लिहायला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हातात एक पॉवर बँक आली. बॉक्सवर ठळक अक्षरात १०,००० एमएएच. माझा फोन ५,००० एमएएचचा. मी भागाकार केला आणि लिहून टाकलं: ‘तुमचा फोन दोन वेळा फुल चार्ज’. महिन्याभरात परत आलेल्या मालाची थप्पी काउंटरमागे लागली. कारण जवळपास सगळ्यांचं एकच, ‘दीड वेळाही होत नाही’. मालक म्हणाले, लोक खोटं बोलतात. दुरुस्तीच्या टेबलावर बसणारे दादा मात्र काही बोलले नाहीत. त्यांनी बॉक्स उलटा केला आणि मागच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: रेटेड कपॅसिटी ६,००० एमएएच, ५ व्होल्ट, २ अँपिअर.

या कामात नव्याने येणाऱ्याने सगळ्यात आधी ही ओळ शोधावी. पुढचे १०,००० खोटे नसतात, हे आधी समजून घ्या. ती आतल्या सेलची क्षमता आहे, आणि सेल असतो साधारण ३.७ व्होल्टचा. म्हणजे साठवलेली ऊर्जा ३७ वॉट-अवर. पण यूएसबीच्या तोंडातून वीज बाहेर पडते ५ व्होल्टने. तीच ३७ वॉट-अवर ५ व्होल्टवर मोजली की आकडा ७,४०० एमएएच होतो, आणि अजून एक थेंबही वाया गेलेला नाही. व्होल्टेज वाढवणारं सर्किट स्वतः गरम होतं, त्यात काही जातं. बॉक्समागचे ६,००० म्हणजे ३० वॉट-अवर, सेलमध्ये साठलेल्या ऊर्जेच्या सुमारे ८१ टक्के. हा आकडा वाईट मुळीच नाही. मागे ‘रेटेड ९,५००’ छापलेलं दिसलं असतं, तर मला जास्त संशय आला असता.

आता फोनकडे या. ५,००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण ३.८७ व्होल्टची, म्हणजे १९ वॉट-अवरच्या थोडी वर. ३० ला त्याने भागलं तर दीडच्या जरा वर येतं. पण फोनही चार्ज होताना गरम होतो, तिथेही दहा-पंधरा टक्के जातात. उरतात सुमारे एक पूर्णांक तीन-चार. ग्राहक बिचारे खरंच बोलत होते.

पुढे मोजायला शिकलो. दादांकडे एक यूएसबी मीटर आणि एक लोड होता, म्हणजे ठरावीक अँपिअर ओढत राहणारा खोटा ‘फोन’. पॉवर बँक पूर्ण भरायची, २ अँपिअरचा लोड लावायचा आणि ती आपोआप बंद होईपर्यंत थांबायचं. १० वॉटला ३० वॉट-अवर संपायला तीन तास जातात, म्हणून हे काम दुपारी जेवणाआधी लावून द्यायचं. मीटर पॉवर बँकेच्या तोंडाशीच हवा. लांब, बारीक केबलच्या दुसऱ्या टोकाला लावला तर केबलचं नुकसान पॉवर बँकेच्या नावावर जातं. लोडऐवजी खरा फोन लावून मोजू नये, कारण ऐंशी टक्क्यांनंतर तो हळूहळू कमी ओढतो आणि आकडा धड हाती लागत नाही. एकाच नगावर विसंबू नका. मी तीन मोजले, ३०.६, ३०.१ आणि २९.८ वॉट-अवर आले. स्वस्त मीटरमध्ये दोन-तीन टक्क्यांचा फरक असतोच, त्यामुळे छापलेला आकडा बरोबर आहे एवढं म्हणायला हे पुरे.

इथेच माझी दुसरी चूक झाली. पुढची खेप मी फास्ट चार्जिंगवर, ९ व्होल्ट २ अँपिअरने मोजली. मीटरवर ३,२०० एमएएच. मी घाबरून मालकांना सांगितलं, अर्धा माल बोगस आहे. दादा हसले. ३,२०० ला ९ ने गुणलं तर २८.८ वॉट-अवर होतात, म्हणजे जवळपास तेच. जास्त वॉट ओढल्यामुळे जरा जास्त उष्णता झाली, एवढाच फरक. तेव्हापासून माझ्या वहीत एमएएच लिहायचंच बंद झालं, फक्त वॉट-अवर. आणि जिथे रेटेड कपॅसिटी लिहायची तिथे व्होल्ट आणि अँपिअर सोबत लिहायचे, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

खरोखरचा बोगस माल ओळखायला तर मीटरही लागत नाही, वजनकाटा पुरतो. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-अवर, आणि एवढे सेल भरले की नुसत्या सेलचंच वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास जातं. ‘२०,०००’ लिहिलेली दीडशे ग्रॅमची डबी हातात आली की तिची माहिती लिहायला बसूच नका. मी एकदा बसलो होतो, अर्धं पान लिहून झाल्यावर काटा आठवला.

चार्जरच्या बाबतीत फसवणूक एमएएचची नसते, बेरजेची असते. ‘६५ वॉट, तीन पोर्ट’ वाचून माणूस समजतो की प्रत्येक पोर्टला ६५. आमच्याकडच्या चार्जरवर मागे छापलं होतं: एकच सी पोर्ट वापरला तर ६५, दोन्ही सी वापरले तर ४५ आणि २०. म्हणजे लॅपटॉप लावून शेजारी फोन लावला की लॅपटॉपला ४५ मिळणार, आणि काही लॅपटॉप लगेच ‘स्लो चार्जर’ म्हणून कुरकुरतात. तसंच ‘२२.५ वॉट’. तो वेग फोनला चार्जरची तीच फास्ट चार्जिंगची भाषा कळत असेल तरच मिळतो. नाही कळली तर दोघं समान भाषेवर उतरतात, बऱ्याचदा १८ वॉटवर, कधी साध्या १० वर. केबलचंही पाहा: साधी सी-टू-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉटपर्यंतच. ६५ चा चार्जर बॉक्समध्ये अशा केबलसकट विकायचा असेल, तर ते लिहायलाच हवं.

त्या पहिल्या पॉवर बँकेचं वर्णन मी मग असं लिहिलं:

‘सेलची क्षमता १०,००० एमएएच (३७ वॉट-अवर). फोनसाठी प्रत्यक्ष मिळणारी क्षमता ६,००० एमएएच, ५ व्होल्ट २ अँपिअरवर. ५,००० एमएएच बॅटरीचा फोन साधारण सव्वा ते दीड वेळा चार्ज होतो. २२.५ वॉटचा वेग ठरावीक फोनवरच, इतरांवर १८ वॉट किंवा कमी.’

मालक वाचून म्हणाले, ‘अरे, शेजारचा दोन वेळा लिहितो, आपण सव्वा लिहून विकणार कसं?’ वाद बराच चालला. शेवटी तडजोड अशी झाली, की शीर्षकात १०,००० राहील, कारण लोक शोधताना तेच टाइप करतात, पण खाली पहिल्याच ओळीत ६,००० येईल, बारीक अक्षरांत तळाशी नाही. ३७ वॉट-अवर ठेवायला त्यांनी हरकत घेतली नाही, उलट खूश झाले. विमानाने जाणारे गिऱ्हाईक तेच विचारतात, कारण हँडबॅगेत विनापरवानगी १०० वॉट-अवरपर्यंतच नेता येतं. शीर्षकातल्या १०,००० शेजारी ‘सेल’ हा एक शब्द घालायचा की नाही, यावर मात्र आमचं अजून जमलेलं नाही.