संवादाच्या फुग्यात मराठी कशी बसवावी

चित्रकादंबरीचा अनुवाद सुरू करण्यापूर्वी पानाची छापील आकारातली प्रत समोर ठेवून प्रत्येक फुग्यात देवनागरीच्या किती ओळी मावतात, हे आधी पाहावे. इंग्रजी संवाद बहुधा मोठ्या लिपीत, एकाच उंचीच्या अक्षरांत लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांच्या ओळी एकमेकींना खेटून बसू शकतात. आपल्या ओळीला मात्र वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात आणि खाली उकार लोंबतो, म्हणून चार इंग्रजी ओळींच्या जागी साधारण तीनच मराठी ओळी धराव्यात. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकू लागला की अक्षर लहान न करता मजकूर कमी करावा.

मजकूर मोजताना संगणकाच्या आकड्यावर विसंबू नये. ‘स्त्री’ हे एकच अक्षर संगणक सहा चिन्हांचे धरतो, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी अक्षरे स्वतःच मोजलेली बरी. मी जळगावात बसून ज्या इंग्रजी पानावर काम करत होतो, त्यात बंदरावरच्या गोदामातली रात्र होती आणि एका अरुंद फुग्यात ‘यू शुड नेव्हर हॅव कम बॅक हिअर’ हे वाक्य होते. माझा पहिला मसुदा होता, ‘तू इथे परत कधीच यायला नको होतंस.’ ही सतरा अक्षरे झाली आणि फुग्यात जेमतेम तेरा मावत होती. ‘होतंस’मध्ये ‘तू’ आलेलाच आहे, ‘इथे’ चित्रात दिसतेच आहे आणि ‘कधीच’चा जोर एका ‘च’वर टाकता येतो. उरले ते ‘परत यायलाच / नको होतंस.’ बारा अक्षरे, दोन ओळी आणि धमकी पहिल्यापेक्षा धारदार. फुगा लंबगोल असेल तर लांब ओळ मध्यावर येईल अशी तोड निवडावी, मात्र शब्द मधोमध तोडू नये.

मराठी क्रियापद कर्त्याचे काम करते, पण कधीकधी नको तेही सांगून टाकते. त्याच पानावर अंधारातून कोणीतरी ‘आय मस्ट गो’ म्हणते आणि ती बाई आहे हे वाचकाला पुढच्या पानावर कळते. ‘निघते आता’ लिहिले असते तर रहस्य तिथेच फुटले असते, म्हणून मी ‘निघायला हवं’ असे लिहिले. एखाद्या खलाशाच्या तोंडी अहिराणी घालावी असा मोह आपल्याकडे होतोच, पण ‘जातोय’ तीन अक्षरांत संपते आणि ‘जाई राहिनू’ला पाच लागतात. त्यामुळे तसे करायचे असल्यास त्या पात्राचे सगळे फुगे आधी मोजून घ्यावेत.

ध्वनिशब्दांना मात्र भाषांतराची पद्धत चालत नाही. मूळ शब्द झाकून चित्राकडे पाहावे आणि कोणती वस्तू कशावर आपटते, ती पोकळ आहे की भरीव, आवाज एकदाच होतो की चालू राहतो, हे ठरवावे. इंग्रजीतला ‘क्रॅश’ काच फुटताना, पत्रा कोसळताना आणि भांडी पडताना एकच असतो. मराठीत काचेला ‘खळ्ळ’ लागते, पत्र्याला ‘थाड’ आणि भांड्यांना ‘खणखण’. गोदामात लाकडी पेटी पडते तिथे मी आधी ‘धप्प’ लिहिले होते. पान वाचणाऱ्या मित्राने विचारले, ‘पेटीत कापूस आहे का?’ जिनिंगच्या आवारात सरकीसकट कापसाचा गठ्ठा पडताना ज्याने ऐकला आहे, त्याला ‘धप्प’मध्ये मऊपणा ऐकू येणारच. तिथे ‘धाड्’ आले.

‘धाडकन’ हा शब्द निवेदकाचा असतो, तो घडलेल्या आवाजाचे वर्णन करतो. चौकटीत खुद्द आवाज हवा, म्हणून ‘कन’ काढून टाकावे. आवाज झटकन तुटत असेल तर हलन्त द्यावा (‘खट्’), लांबत असेल तर अवग्रह (‘धडाऽऽम’), आणि सुरूच राहत असेल तर द्विरुक्ती करावी. पत्र्यावरच्या पावसाला ‘तडतड तडतड’ पुरते. उसासा, हुंदका अशी नावे ध्वनिशब्द म्हणून लिहू नयेत, कारण ती रंगसूचना वाटतात. दुःखी उसाशासाठी ‘हुश्श’ही चालत नाही, कारण त्यात सुटकेचा भाव आहे. चेहरा बोलका असेल तर तो शब्द गाळलेलाच चांगला.

शेवटी प्रकाशकाला एक गोष्ट विचारावी: चित्र आणि अक्षरे वेगळ्या थरांत मिळणार आहेत का? मिळणार असतील तर ध्वनिशब्द नव्याने रेखाटता येतो, आणि तो वळणदार असेल तर शिरोरेषा अक्षरागणिक तोडून अक्षरे तिरपी करता येतात. थर नसतील तर मूळ शब्द तसाच ठेवून शेजारी लहान मराठी शब्द द्यावा, पण तो पात्राच्या चेहऱ्यावर किंवा हातावर येणार नाही, हे छापील प्रतीवर पेन्सिलीने लिहून तपासावे.