जुनी पाटली सोन्याची आहे का? घरी काय कळतं आणि काय नाही

हॉलमार्क नाही, पावती नाही, अशी जुनी पाटली हातात आली की सराफाकडे जाण्याआधी घरीच ती तपासून पाहावीशी वाटते. तपासायला हरकत नाही. मात्र घरच्या चाचणीत खोटा दागिना सापडू शकतो, खरा सिद्ध होत नाही.

सुरुवात चुंबकाने करा. फ्रिजवरचा चुंबक फार कमजोर असतो. जुन्या स्पीकरमधला किंवा हार्ड डिस्कमधला घ्या. पाटली खेचली गेली तर आत लोखंड किंवा निकेल आहे. नाही खेचली गेली, तर त्यातून जवळपास काहीच कळत नाही, कारण तांबं, पितळ, चांदी आणि शिसं यांनाही चुंबक ओढत नाही आणि बाजारातले बहुतेक नकली दागिने तांब्या-पितळेचेच असतात. उलट, अस्सल सोन्याच्या साखळीचा फासा चुंबकाला चिकटू शकतो. त्याच्या आत पोलादी स्प्रिंग असते. तेवढ्यावरून साखळी खोटी ठरवू नका.

पुढची चाचणी घासण्याची. चकाकी नसलेल्या फरशीवर दागिना घासा आणि पिवळी रेघ उठली तर सोनं, असं सांगतात. पण पितळही पिवळीच रेघ देतं. सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर कस काढतो, तेव्हा शेजारी माहीत असलेल्या कॅरेटच्या सोन्याची रेघ ओढून दोन्हींची तुलना करतो. ती तुलना नसेल तर रेघेला अर्थ नाही. शिवाय रेघ वरच्या थराचीच येते. मुलामा जाड असेल तर दगडावर उतरतं ते मुलाम्याचं सोनं.

आता ॲसिड. कसोटीवरच्या रेघेवर नायट्रिक ॲसिड टाकलं की पितळेची रेघ विरघळून जाते, सोन्याची टिकते. पण नुसत्या नायट्रिकमध्ये 18 कॅरेटची रेघही टिकते, त्यामुळे 18 की 22 हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगवेगळ्या कॅरेटची तयार द्रावणं लागतात आणि नजर सरावलेली लागते. नायट्रिकची वाफ फुप्फुसाला घातक असते, थेंब कातडीवर पडला तर भाजतं आणि पिवळा डाग पडतो. माझ्या मते ही चाचणी घरात करूच नये. व्हिनेगर आणि लिंबाची चाचणीही सोडून द्या. ती ॲसिडं इतकी सौम्य असतात की पाच मिनिटांत पितळेवरही धड काही दिसत नाही.

घरी करण्यासारखी खरी चाचणी पाण्याची. तिला 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा लागतो. आधी पाटली कोरडी तोला. समजा 20.00 ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. पाटली बारीक दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल अशी धरा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर येणारा आकडा म्हणजे तिने बाजूला सारलेलं पाणी. तो 1.13 आला, तर 20 भागिले 1.13 म्हणजे 17.7. 22 कॅरेटची घनता साधारण एवढीच असते. पितळेची पाटली असती तर आकडा 2.3 च्या पुढे गेला असता.

चूक होते ती बुडबुड्यांमुळे. नक्षीत अडकलेल्या हवेने आकडा 1.13 ऐवजी 1.23 झाला, तर घनता 16.3 निघते आणि चांगली पाटली हलकी वाटू लागते. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका, पाटली हलवून बुडबुडे घालवा, तीनदा मोजा. स्वयंपाकघरातल्या एक ग्रॅमच्या काट्यावर हे जमत नाही, तो सरळ 1 दाखवेल.

ही चाचणी भरीव, खडे नसलेल्या दागिन्यालाच लागू आहे. बोरमाळेच्या मण्यांत लाख असते, पोकळ तोड्यांत हवा. तिथे घनता कमी येणारच, त्यावरून सोनं खोटं ठरत नाही. आणि लाख भरलेला दागिना पाण्यात घालूच नये. उलट बाजूने, टंगस्टनची घनता 19.25 आणि शुद्ध सोन्याची 19.3. दागिन्यांत टंगस्टन सहसा सापडत नाही, पण आकडा जुळला म्हणजे सोनंच, असं म्हणता येत नाही ते यासाठी.

दागिना नवा असेल तर हे काही न करता त्यावरचा एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकी ओळखक्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा आणि ॲपमधला दागिन्याचा प्रकार हातातल्याशी जुळतो का ते बघा. जुन्यासाठी हॉलमार्किंग केंद्रात जा. तिथलं एक्स-रे यंत्र दागिन्याला ओरखडाही न पाडता टक्केवारी सांगतं, पण तेही वरच्या काही मायक्रॉनचीच. पूर्ण खात्री अग्निपरीक्षणानेच होते. त्यासाठी तुकडा कापून वितळवावा लागतो, म्हणून पाटली मोडायचीच असेल तेव्हाच ते करा, आणि कापण्याआधी समोर वजन करून पावती घ्या.