लेहरा लावून रियाज कसा करायचा (तीनतालात सम पकडायला शिका)

आपल्याकडं परभणी-नांदेड साईडला बरीच पोरं भजनी मंडळात वाजवत वाजवत तबल्याकडं येतात, आणि तिथं सवय अशी लागते की गाणारा थोडा मागंपुढं झाला तरी सगळे मिळून सांभाळून घेतात. लेहरा सांभाळून घेत नाही. लेहरा म्हणजे तालाच्या एका आवर्तनात बसणारी छोटी धून, पेटीवर नाहीतर सारंगीवर तीच तीच वाजत राहते, काहीजण तिला नगमा पण म्हणतात. सोलो तबल्यात आणि कथकमध्ये ताल लेहरा धरून ठेवतो, आणि आपण त्यावर काय वाजवायचं ते वाजवतो.

मोबाईलवर लेहऱ्याचं ॲप घ्या, तीनताल, 60 ची लय लावा. म्हणजे सेकंदाला एक मात्रा, 16 सेकंदात आवर्तन. तबल्याची पट्टी लेहऱ्याच्या सा ला मिळवा, काळी एकचा तबला असेल तर लेहरा पण काळी एकलाच, नाहीतर दोन्ही भांडत बसतात.

पहिले दोन-तीन दिवस तबल्याला हातच लावू नका. नुसतं ऐकायचं आणि हातानं टाळी द्यायची, 1, 5, 13 ला टाळी आणि 9 ला खाली. मोजणं बंद करून धूनेचा कोणता सूर समेवर पडतो तो कानात बसला पाहिजे. चेक करायचं असेल तर लेहरा कुठूनही मधूनच सुरू करा आणि सम कुठाय ते सांगून बघा. जमलं की ठेका, मग कायदा.

आता तिहाई. 'तिट कत गदि गन धा', जोडीला एक मात्रा आणि धा ला एक, अशा 5 मात्रा. तीनदा सलग म्हटलं की 15. शेवटचा धा समेवर पाहिजे म्हणून सुरुवात 3 ऱ्या मात्रेवरून. पहिला धा 7 वर, दुसरा 12 वर, तिसरा बरोबर समेवर. आधी तोंडानं म्हणा, हातात टाळी चालू ठेवून, मग वाजवा.

इथं सगळ्यांचं एकच चुकतं, मी पण लई दिवस हेच केलं, दुसरा धा झाला की हात पळतो आणि शेवटचा धा समेच्या आधीच पडतो. वाजवताना कळत नाही, रेकॉर्ड करून ऐका, तुमचा धा आणि लेहऱ्याचा समेचा सूर एकत्र आला का दोन वेगळे आवाज आले ते लगेच कळतं. वेगळे आले तर 50 वर उतरा, लय वाढवून काही होत नाही.

गाणाऱ्यांनी जरा जपून वापरा. लेहरा स्वतःच कुठल्यातरी रागात असतो, चंद्रकंसचा लेहरा लावून भूपाचे पलटे म्हणाल तर कोमल गंधार कानात घुसतो आन् तुमचा शुद्ध गंधार हलतो. त्याच रागाचा लेहरा तुमच्या पट्टीत मिळाला तर सरगम म्हणा, टाळी मात्र हातानंच द्या, कारण लेहऱ्यात ठेका नसतो. नाही मिळाला तर सरळ तबल्याचा ठेका लावा.