जुन्या घराचं रिवायरिंग: आधी लोड, मग सर्किट, शेवटी पॉइंट

नवीन पोरगा हाताखाली आला की पहिल्याच दिवशी खडू घेऊन भिंतीवर पॉइंटच्या खुणा करायला धावतो. मी त्याला आधी वही काढायला लावतो. प्रत्येक खोलीसाठी तीन रकाने: उपकरण, वॉट, आणि ते कुठल्या वेळी चालतं. तिसरा रकाना बरेच जण गाळतात, पण सर्किट किती काढायची हे त्यावरच ठरतं.

वॉट उपकरणाच्या मागच्या पट्टीवर मिळतात. मायक्रोवेव्हच्या बाबतीत जरा जपा. जाहिरातीत ठळक छापतात ते शिजवण्याचे वॉट. वायरमधून जाणारा आकडा पट्टीवर 'इनपुट' म्हणून असतो आणि तो बराच मोठा निघतो.

सगळ्यात जास्त वेळ स्वयंपाकघराला द्या. जुन्या वायरिंगमध्ये तिथे एक दिवा आणि मिक्सरपुरता एक सॉकेट एवढंच धरलेलं असतं. आज त्याच ओट्यावर 2000 वॉटची इंडक्शन शेगडी, 1500 ची किटली, 1200 इनपुटचा मायक्रोवेव्ह आणि 750 चा मिक्सर उभा असतो. 230 व्होल्टने भागलं की अनुक्रमे 8.7, 6.5, 5.2 आणि 3.3 अँपिअर, म्हणजे एकूण 23.7.

आता तिसरा रकाना. मी विचारतो, "काकू, सकाळच्या घाईत ओट्यावर एकदम काय काय चालू असतं?" उत्तर बहुधा एकच येतं: "अरे, सगळंच!" मग 'सगळं एकदम थोडंच चालतं' म्हणून लोड कमी धरायला जागाच उरत नाही. हे चारही एका 16 अँपिअरच्या एमसीबीवर टाकले तर तो पडणार, पण लगेच नाही. दीडपट लोडला एमसीबी आतली पट्टी तापेपर्यंत वेळ घेतो, कधी काही मिनिटं, कधी त्याहून बरीच जास्त. त्यामुळे "एमसीबी खराब आहे" असा समज होतो आणि कोणीतरी तिथे 32 चा बसवून मोकळा होतो. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो, उपकरणाला नाही. 2.5 चौरस मिलीमीटरच्या वायरमागे 32 चा लावला की आधी वायर तापते. जुन्या घरात हे झालंय का ते सॉकेट उघडून कळतं: टर्मिनलजवळचं इन्सुलेशन पिवळट-तपकिरी पडलेलं असतं आणि वाकवलं की तडकतं.

म्हणून ओट्यासाठी दोन स्वतंत्र सर्किट काढायची, दोन्ही 2.5 ची वायर आणि 16 चा एमसीबी. एकावर इंडक्शन आणि मिक्सर, 12 अँपिअर. दुसऱ्यावर किटली आणि मायक्रोवेव्ह, 11.7. दोन्हींवर थोडी जागा राहते. ही वाटणी टिकायची तर सॉकेटच्या जागाही त्या-त्या उपकरणाजवळ हव्यात, नाहीतर किटली इंडक्शनच्या शेजारी जाऊन बसते. फ्रिजला मी वेगळं सर्किट देतो. ओट्यावरचं काही पडलं तरी तो चालू राहतो.

बाकीच्या खोल्या सोप्या आहेत. गिझरला आणि एसीला प्रत्येकी आपलं सर्किट, 4 ची वायर, मध्ये दुसरा कुठलाही पॉइंट नाही. गिझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर आणि दोन्ही तारा तोडणारा. दिव्या-पंख्यांना 1.5 ची वायर पुरते, पण घरभर एकच सर्किट करू नका. दोन केली की एक पडलं तरी अर्धं घर उजेडात राहतं. झोपायच्या खोलीत पलंगाच्या दोन्ही बाजूंना पॉइंट ठेवा. लोड नगण्य, पण हेच विसरलं की एक्स्टेन्शन बोर्डांची रांग लागते.

मग सगळ्या घराची बेरीज मीटरच्या मंजूर भाराशी ताडून पाहा. भार वाढवायचा असेल तर अर्ज भिंती फोडण्याआधी जायला हवा, कारण मेन केबलचा आकार त्यावर ठरतो.

काही भागात जुनी वायर ठेवायची असेल तर एक जागा मुद्दाम तपासा: जिन्यातला दोन स्विचवाला दिवा. त्याची फेज बऱ्याचदा खालच्या सर्किटवरून आणि न्यूट्रल वरच्यावरून घेतलेला सापडतो. जुन्या फ्यूजवर हे वर्षानुवर्षं चालतं. तुम्ही गेलेला आणि परत आलेला करंट जुळला नाही की पडणारे 30 मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी लावून सर्किट वाटलीत की तो दिवा लावताच आरसीसीबी पडतो, कारण एकातून गेलेला करंट दुसऱ्यातून परत येतो. शोधायला मेन बंद करा, एका सर्किटचा एमसीबी पाडा, त्याचा न्यूट्रल बारवरून सोडून टोकाला टेप लावा, मग मेन चालू करून बाकीचे दिवे एकेक लावून पाहा. जो लागत नाही, त्याचा न्यूट्रल उसना आहे. असा दिवा लावलेला असताना ते सोडलेलं टोक जिवंत असतं, तेव्हा मेन पुन्हा बंद केल्याशिवाय त्याला हात लावू नका.